क्रॉस-स्ट्रीकमध्ये माझे जवळजवळ सगळेच ॲक्टिनोमायसीट्स स्टॅफला थांबवतात. यावर विश्वास ठेवायचा का?

अगारवेडी

एमएस्सीचा प्रकल्प चालू आहे. बागेतल्या मातीतून ॲक्टिनोमायसीट्स वेगळे करायचे आणि त्यातले प्रतिजैविक तयार करणारे कोणते ते क्रॉस-स्ट्रीकने शोधायचे, एवढंच काम. निकाल मात्र इतका चांगला आलाय की मलाच पचत नाहीये, म्हणून विचारतेय.

काय केलं ते आधी सांगते. वरची पालापाचोळ्याची माती बाजूला सारून साधारण १० ते १५ सेंमी खालची माती घेतली, सावलीत आठवडाभर वाळवली, चाळली आणि मग ओव्हनमध्ये १०० अंशाला तासभर कोरडीच तापवली. त्यातली १० ग्रॅम माती ९० मिली निर्जंतुक पाण्यात घालून अर्धा तास शेकरवर ठेवली. तिथून पुढे दर वेळी १ मिली घेऊन ९ मिलीच्या नळीत, असं सहाव्या डायल्युशनपर्यंत गेले. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्यातलं ०.१ मिली स्टार्च केसिन अगारवर पसरवलं. बुरशी येऊ नये म्हणून माध्यमात सायक्लोहेक्सिमाइड होतं, मिलीला ५० मायक्रोग्रॅम. प्लेटा २८ अंशाला ठेवल्या. दहाव्या दिवशी चौथ्या डायल्युशनच्या प्लेटवर ४६ कॉलनी मिळाल्या. वेगवेगळ्या दिसणाऱ्या ११ उचलून शुद्ध केल्या.

क्रॉस-स्ट्रीकही स्टार्च केसिनवरच केलं, फक्त सायक्लोहेक्सिमाइड वगळून. मधोमध आयसोलेटची एक सरळ रेघ ओढली, ती सहा दिवस वाढू दिली, आणि मग तिला काटकोनात स्टॅफायलोकोकस ऑरियस, बॅसिलस सबटिलिस आणि ई. कोलाय यांच्या रेघा काठाकडून मध्यापर्यंत आणल्या. ३७ अंशाला २४ तास.

११ पैकी ९ आयसोलेटच्या जवळ स्टॅफ वाढलेलाच नाही. बॅसिलस तिघांनी थांबवला. ई. कोलाय कुणीच नाही. उलट दोन-तीन प्लेटांवर ई. कोलाय मधल्या रेघेजवळच जास्त दाट दिसतोय! ११ पैकी ९ म्हणजे जरा अतीच होतंय ना?

सूक्ष्मदर्शी

अभिनंदन! अती वगैरे काही नाही. ॲक्टिनोमायसीट्स प्रतिजैविकांसाठीच तर प्रसिद्ध आहेत, आणि ग्राम पॉझिटिव्हवर परिणाम, ग्राम निगेटिव्हवर नाही, हे तर अगदी अपेक्षित चित्र. ई. कोलायला बाहेरचं आवरण असतं, त्यामुळे बरीच प्रतिजैविकं आत शिरतच नाहीत. तुम्ही माती १०० अंशाला तापवली आहे म्हणजे बाकीचे जीवाणू मेलेले, त्यामुळे ११ च्या ११ ॲक्टिनोमायसीट्सच असणार. आणि ४६ कॉलनी चौथ्या डायल्युशनला म्हणजे ग्रॅममागे ४ लाख ६० हजार. चांगला आकडा आहे, लिहून टाका.

परसातली_माती

माझा विषय नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. बागेतली चांगली माती मुठीत घेतली की जो वास येतो तो याच जीवांचा ना? माझ्या टोमॅटोची रोपं दर वेळी मरगळून जातात, देठ कापला तर आत तपकिरी रेघ दिसते. ज्या मातीला जास्त वास ती पाण्यात कालवून गाळून रोपांवर फवारली, तर त्यातलं औषध लागू पडेल का?

जुना_लूप

परसातली माती, वास त्यांचाच. जिओस्मिन नावाचं द्रव्य आहे. पण वास आणि प्रतिजैविक यांचा एकमेकांशी संबंध नाही. भरपूर वास मारणारा आयसोलेट क्रॉस-स्ट्रीकमध्ये शून्य निघतो हे नेहमीचं. शिवाय मातीत असताना हे जीव प्रतिजैविक अगदी किरकोळ प्रमाणात करतात. माती कालवून फवारली तर पानांवर चिखल तेवढा जाईल. तुमच्या वर्णनावरून मर रोग वाटतो, पण तो बुरशीचाही असतो आणि जीवाणूचाही. कापलेला देठ स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. दुधासारखा धागा खाली उतरला तर जीवाणूचा. उपायाचं पुढे पाहू, त्यासाठी वेगळा धागा काढा.

आता अगारवेडी. तुझी शंका बरोबर आहे, आणि उत्तर तुझ्याच शेवटच्या ओळीत आहे. ई. कोलाय रेघेजवळ जास्त दाट का व्हावा? याचा विचार कर, मग स्टॅफचा उलगडा होईल.

स्टार्च केसिन अगारमध्ये आहे काय? लिटरला १० ग्रॅम स्टार्च, केसिन जेमतेम ०.३ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट आणि थोडे क्षार. हे माध्यम मुद्दाम असं गरीब ठेवलंय, की स्टार्च फोडता येणारे आणि हळू वाढणारे पुढे यावेत आणि भराभर वाढणारे मागे पडावेत. ई. कोलायला स्टार्चही फोडता येत नाही, केसिनही नाही. तो त्या प्लेटवर उपाशी आहे. तुझा आयसोलेट अमायलेज आणि प्रोटिएज बाहेर सोडतो, त्यामुळे त्याच्या आजूबाजूला साखर आणि पेप्टाइड्स तयार होतात. ई. कोलाय तिथे जेवतोय. खात्री करायची असेल तर एका जुन्या प्लेटवर आयोडीन ओत. मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना निळा रंग न येणारा पट्टा दिसेल.

स्टॅफची गोष्ट आणखी वाईट. त्याला कित्येक अमायनो आम्लं बाहेरून लागतात, वर नायसिन आणि थायमिनही. या माध्यमावर तो स्वतःच्या बळावर नीट वाढणारच नाही. आता काठाकडून मध्याकडे रेघ ओढलीस म्हणजे लूपवरच्या पेशी वाटेतच संपत आल्या. काठाशी भरपूर पेशी पडल्या, म्हणून तिथे काहीतरी दिसतं. मध्याजवळ मोजक्या पडल्या, म्हणून तिथे मोकळं. त्या मोकळ्या जागेला तू झोन म्हणतेयस.

बॅसिलस सबटिलिसचं तसं नाही. तो स्वतःच स्टार्च फोडतो, केसिन फोडतो, त्याचं या प्लेटवर बरं चालतं. त्यामुळे बॅसिलस थांबवणारे तीन आयसोलेट मी गंभीरपणे घेईन. नऊचा आकडा विसर. आणि मुख्य प्रश्न: आयसोलेट नसलेली, फक्त तिन्ही चाचणी जीवाणूंच्या रेघा असलेली प्लेट लावली होतीस का?

अगारवेडी

नाही काका, तशी प्लेट लावली नव्हती. आमच्या मॅन्युअलमध्ये ती पायरीच नाही. आज लावते.

जुना_लूप

बऱ्याच मॅन्युअलमध्ये नसते, आणि तिच्याशिवाय क्रॉस-स्ट्रीकला काडीचाही अर्थ नाही. त्याच ओतलेल्या माध्यमाची प्लेट घे, तीही सहा दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेव म्हणजे तितकीच वाळेल, आणि मग त्याच कल्चरने त्याच दिशेने रेघा ओढ.

सूक्ष्मदर्शी, तुमच्या दोन गोष्टींना हात लावतो. ई. कोलायच्या आवरणाचं बरोबर आहे, पण इथे तो मुद्दाच नाही. आकडा मात्र दहा पटीने चुकला. प्लेटवर १ मिली नाही, ०.१ मिली पसरवलंय. म्हणजे ४६ गुणिले १० गुणिले १० हजार, ग्रॅममागे ४६ लाख. आणि तोही आकडा 'बागेतल्या मातीत इतके ॲक्टिनोमायसीट्स' असा लिहू नये. वाळवून, तापवून, निवडक माध्यमावर जे उगवले तेवढ्यांचा तो आकडा आहे.

दुसरं, तापवल्याने बाकीचे मेले हे अर्धंच खरं. ग्राम निगेटिव्ह मरतात, इतरही बरेच जातात. पण बॅसिलसचे एंडोस्पोअर तुमच्या ओव्हनला दाद देत नाहीत, ॲक्टिनोमायसीट्सच्या स्पोअरपेक्षा ते कितीतरी चिवट. ॲक्टिनोमायसीट्सची खरी ताकद कोरडेपणा सोसण्यात आहे. म्हणून माती पूर्ण वाळलेली असली तरच १०० अंश चालतं. ओलसर माती त्याच तापमानाला ठेवली तर आपल्याला हवे तेच आधी मरतील, आणि प्लेटभर बॅसिलस मिळेल.

सूक्ष्मदर्शी

०.१ मिलीचं लक्षात आलं नाही, मान्य. पण कॉलनी बघून तर कळतंच ना? भुकटीसारखी, कोरडी, खडूसारखी दिसली की ॲक्टिनोमायसीट.

चौथी_नळी

नेहमी नाही कळत. काही बॅसिलस कॉलनी इतक्या कोरड्या आणि सुरकुतलेल्या असतात की हमखास फसवतात. मी डोळ्यांपेक्षा सुईवर विश्वास ठेवते. सुईने कॉलनीच्या कडेला टोचून उचलायचा प्रयत्न करा. ॲक्टिनोमायसीट अगारमध्ये रुतलेला असतो. एक तर अख्खी कॉलनी चामड्याच्या चकतीसारखी सुटून येते, नाहीतर अगारचा तुकडा घेऊनच येते. बॅसिलस लोण्यासारखा किंवा पापुद्र्यासारखा सहज निघतो आणि खाली अगार गुळगुळीत राहतो. वेळेवरूनही अंदाज येतो: दुसऱ्या दिवशीच मोठी झालेली कॉलनी मी उचलतच नाही. तरी शंका असेल तर प्लेटमध्ये तिरकी कव्हरस्लिप खोचून तिच्या कडेने वाढू द्या आणि तीच उचलून मायक्रोस्कोपखाली बघा. एक मायक्रॉनच्या आसपास जाडीचे फाटे फुटलेले तंतू, त्यावर सरळ किंवा स्प्रिंगसारख्या स्पोअरच्या माळा. बुरशीचे तंतू याच्या कितीतरी पट जाड असतात, एकदा शेजारीशेजारी पाहिले की पुन्हा गोंधळ होत नाही.

काकांच्या एका मुद्द्यावर मात्र माझं वेगळं मत आहे. काठाकडून मध्याकडे ओढल्यामुळे पेशी संपतात हे खरं, पण उलट ओढलं, म्हणजे मधल्या रेघेजवळून सुरुवात करून काठाकडे, तर सहा दिवसांच्या रेघेवरचे स्पोअर लूपला लागून सगळीकडे पसरतात. मी स्क्रीनिंगमध्ये बरीच वर्षं काठाकडूनच ओढतेय.

जुना_लूप

मी उलटच ओढतो, मधल्या रेघेपासून २-३ मिमी सोडून, दर रेघेला नवा लूप. स्पर्श झाला तर ती प्लेट बाद. स्पोअर पसरले तरी २४ तासांत ते दिसण्याइतके वाढत नाहीत, वाचन त्याआधीच होतं.

चौथी_नळी

झोन पुन्हा ४८ तासांनी बघायचा असेल तर दिसतात. असो, दोन्ही पद्धती चालतात, कंट्रोल प्लेटवर त्याच दिशेने ओढलेलं असलं म्हणजे झालं. पेशी एकसारख्या पडाव्यात म्हणून लूपऐवजी कापसाचा स्वॉब वापरते मी.

अगारवेडी

कंट्रोल प्लेट बघितली. काका म्हणाले तेच. आयसोलेट नसतानाही स्टॅफची रेघ काठाशी पुसट आणि मध्याकडे जवळपास नाहीच. ई. कोलाय पूर्ण लांबीभर, पण अगदी पातळ. बॅसिलस मात्र काठापासून मध्यापर्यंत एकसारखा. आयोडीनही ओतलं, पट्टा दिसला, आणि ज्या प्लेटांवर ई. कोलाय दाट होता तिथे तो जास्त रुंद आहे.

चौथी नळी ताई, तुमची सुईची चाचणी सगळ्यांवर केली. एक आयसोलेट सहज निघून आला. ग्राम स्टेनिंगमध्ये जाड दंडगोल, मधे न रंगलेले ठिपके. बॅसिलसच तो. आता दहा राहिले.

मग आता क्रॉस-स्ट्रीक न्यूट्रिएंट अगारवर करू का? तिथे तिघेही चाचणी जीवाणू छान वाढतात.

सूक्ष्मदर्शी

म्युलर-हिंटन घ्या ना सरळ. प्रतिजैविकांच्या चाचणीसाठी तेच तर असतं.

जुना_लूप

ते तयार प्रतिजैविकाच्या चकत्या ठेवायला. इथे प्रतिजैविक तयारही त्याच प्लेटवर व्हायचंय, गोची तिथेच आहे. स्टॅफला जे माध्यम आवडतं ते आयसोलेटलाही खायला घालतं, आणि पोट भरलेला ॲक्टिनोमायसीट वाढत राहतो, प्रतिजैविकाच्या वाटेला जात नाही. ग्लुकोज किंवा फॉस्फेट भरपूर असलं की पुष्कळ स्ट्रेप्टोमायसीसमध्ये उत्पादन दबतं. तेव्हा न्यूट्रिएंट अगारवर 'नाही' आलं तर ते 'या माध्यमावर नाही' असं वाच.

यातून सुटण्याचा साधा मार्ग म्हणजे दोन्ही कामं दोन प्लेटांवर करणं. आयसोलेट स्टार्च केसिनवर सात दिवस दाट वाढव. ६ मिमीच्या कॉर्क बोअररने त्या वाढीसकट अगारचे तुकडे काप. म्युलर-हिंटनच्या प्लेटवर स्टॅफचं ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाचं सस्पेन्शन स्वॉबने पसरव आणि त्यावर तुकडे ठेव. प्लेट आधी दोनेक तास फ्रिजमध्ये, म्हणजे द्रव्य पसरायला सवड मिळेल, मग ३७ अंशाला रात्रभर. सोबत एक तुकडा नुसत्या स्टार्च केसिनचा, आणि एक तुकडा अशा आयसोलेटचा घे की जो बॅसिलसलाही थांबवत नाही. हा दुसरा फार कामाचा, कारण नुसत्या वाढीमुळे होणारे बदल त्याच्यातही असतात.

क्रॉस-स्ट्रीक टाकून देऊ नकोस. एका प्लेटवर अनेक जीवाणूंविरुद्ध चटकन अंदाज घ्यायला त्याच्यासारखं काही नाही. पण ते चाळणी म्हणून. झोनचे मिलिमीटर घेऊन आयसोलेटचा क्रम लावत बसू नये. जास्त लांब पसरतं ते द्रव्य जास्त प्रभावी असं नसतं, लहान रेणू अगारमध्ये भराभर पसरतात एवढंच.

परसातली_माती

धागा निघाला दुधासारखा! वेगळा धागा काढते. पण हे सगळं घरी करता येईल का? नातवाला शाळेत प्रकल्प आहे.

चौथी_नळी

मातीच्या प्लेटा घरी उघडून बसू नका, आणि स्टॅफ तर अजिबात नाही. मातीतून काय उगवेल सांगता येत नाही, आणि प्लेटा टाकण्याआधी ऑटोक्लेव्ह कराव्या लागतात. सायक्लोहेक्सिमाइडही विषारी आहे, हातमोज्यांशिवाय हाताळायचं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर, प्लेटा टेपने बंद ठेवून फक्त कॉलनी बघायच्या, इतपत ठीक.

अगारवेडी

निकाल आले. दहाही आयसोलेट न्यूट्रिएंट अगारवर क्रॉस-स्ट्रीक केले, आणि बॅसिलस थांबवणारे तिघे तुकड्यांच्या पद्धतीनेही केले. कंट्रोल तुकड्यांभोवती काहीच नाही.

सात नंबर, राखाडी, मागून तपकिरी रंग सोडणारा: न्यूट्रिएंट अगारवर स्टॅफ आणि बॅसिलस दोघांनाही थांबवतो. तुकड्याभोवती स्टॅफचा झोन १८ मिमी, तुकडा धरून.

चार नंबर, पांढरा: न्यूट्रिएंट अगारवर शून्य. तुकड्याने मात्र १५ मिमी.

दोन नंबर: स्टार्च केसिनच्या क्रॉस-स्ट्रीकवर बॅसिलस थांबवला होता, पण तुकड्याने काहीच नाही, न्यूट्रिएंट अगारवरही नाही. हा कुठे गेला?

सात नंबरचा तपकिरी रंग म्हणजेच प्रतिजैविक असेल का?

सूक्ष्मदर्शी

नवीन प्रतिजैविक सापडलं तर आम्हाला विसरू नका.

चौथी_नळी

नवीन असण्याची आशा सध्या बाजूला ठेवा. बागेतल्या मातीतून सरळ डायल्युशनने येणाऱ्या स्ट्रेप्टोमायसीसमध्ये तीच ती मंडळी पुन्हापुन्हा भेटतात. स्ट्रेप्टोथ्रिसिन तर सतत. १९४२ मध्ये सापडलेलं, आणि अजूनही स्क्रीनिंग करणाऱ्यांच्या मानगुटीवर बसलेलं. सात नंबर ई. कोलायला हात लावत नाही, म्हणजे बहुधा ते नाही. रंगाबद्दल: तपकिरी बहुतेक वेळा मेलॅनिनसारखं रंगद्रव्य असतं, त्याचा मारण्याशी संबंध नसतो. चटकन अंदाज घ्यायचा तर प्लेटवरचा अगार कुस्करून एथिल ॲसिटेटमध्ये ढवळा, दोन्ही थर वेगळे करा, वरचा वाळवून मिथेनॉलमध्ये घ्या, आणि दोन्ही कागदी चकत्यांवर टाकून स्टॅफविरुद्ध ठेवा. नुसत्या मिथेनॉलची चकती कंट्रोल म्हणून हवीच, आणि ठेवण्याआधी सगळ्या पूर्ण वाळू द्या. स्ट्रेप्टोमायसिनसारखी द्रव्यं पाण्याच्या थरातच राहतात. ॲक्टिनोमायसिन एथिल ॲसिटेटमध्ये येतं, आणि ते पिवळं-नारिंगी असतं. तुमच्यात रंग एका थरात आणि मारक गुण दुसऱ्यात आला, तर प्रश्नच मिटला.

जुना_लूप

चार नंबर म्हणजे मी सांगितलेलं पोटभरीचं प्रकरण दिसतंय. ते माध्यमाचंच आहे याची खात्री करायची तर न्यूट्रिएंट अगारवर वाढवलेल्या चारचे तुकडे त्याच म्युलर-हिंटनवर ठेवून बघ.

दोन नंबरचं ठामपणे सांगता येणार नाही. तीन शक्यता आहेत. एक, त्याने आजूबाजूचा पीएच बदलला. पीएचची पट्टी ओली करून रेघेजवळच्या आणि काठाच्या अगारवर दाब, फरक दिसतो का बघ. दोन, त्याने आजूबाजूचं लोह ओढून घेतलं. तसं असेल तर माध्यमात थोडं फेरिक क्लोराइड घातल्यावर झोन जातो. तीन, द्रव्य खरं आहे पण इतकं कमी की ६ मिमीच्या तुकड्यात पुरेसं नाही. सहा दिवस वाढलेल्या लांब रेघेत ते साठतं, तुकड्यात तेवढं नसतं.

चौथी_नळी

चौथी शक्यता: नुसती उपासमार. रेघेजवळचं नायट्रोजन दोन नंबरने आधीच संपवलं असेल. बाकीचे सातही तिथेच वाढले आणि बॅसिलस त्यांच्याजवळ नीट आला, म्हणून मला ही कमी वाटते, पण नाकारता येत नाही.

अगारवेडी

पट्टी लावून बघितली. दोन नंबरच्या रेघेजवळ ८ च्या वर, काठाला ७ च्या आसपास. पण बॅसिलस ८ ला वाढत नाही असं थोडंच आहे?

आणि एक नवी अडचण. सात नंबर मी पुढच्या चाचण्यांसाठी प्लेटवरून प्लेटवर नेत होते. ताज्या प्लेटवर काही भाग राखाडी न होता गुळगुळीत, टकले राहिलेत, आणि तिथून कापलेल्या तुकड्यांचा झोन जवळपास नाहीच.

जुना_लूप

८ ला तो आरामात वाढतो, त्यामुळे पीएच एकटा पुरेसा नाही. पट्टी आकडा ढोबळच दाखवते, त्यातून अमोनियाचा प्रश्न वेगळा. लोहाची प्लेट लावून बघ, मग बोलू.

सात नंबरची प्लेट-टू-प्लेट भटकंती आजच थांबव. स्ट्रेप्टोमायसीसमध्ये हे होतं. गुणसूत्राचे टोकाकडचे तुकडे गळतात, काही भाग टकले होतात, आणि बरेचदा उत्पादनही जातं. टकल्या भागातून पुढे काहीही नेऊ नकोस. पहिला स्लँट शिल्लक आहे का? असेल तर त्यावरचे स्पोअर २० टक्के ग्लिसरॉलमध्ये खरवडून छोट्या नळ्यांत उणे २० अंशाला ठेव, आणि दर चाचणीला नवी नळी.

अगारवेडी

स्लँट आहे, फ्रिजमध्ये. उद्या सकाळी आधी तेच.